ताई डावीकडे, दादा उजवीकडे: संवाद आणि प्रवास चित्रित करताना पडद्यावरची दिशा कशी सांभाळावी

एकाच कॅमेऱ्यावर पहिला लघुपट करणाऱ्यांच्या संकलनात एक दोष हमखास आढळतो. समोरासमोर बसून बोलणाऱ्या दोन पात्रांचे क्लोजअप सुटे पाहिले तर निर्दोष वाटतात. प्रकाश, फोकस, अभिनय, कशातच खोट काढता येत नाही. मात्र ते एकापाठोपाठ एक जोडले, की दोन्ही पात्रे पडद्याच्या उजव्या कडेकडे पाहत असल्याचे दिसते आणि ती एकमेकांशी न बोलता, तिकडे बसलेल्या तिसऱ्याच कुणाशी तरी बोलत आहेत, असा भास होतो. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण तो क्षणभर संवादातून बाहेर पडतो आणि कोण कुठे बसले आहे हे नव्याने जुळवू लागतो.

या दोषाचे मूळ असे आहे, की पडदा सपाट असतो आणि खोलीची रचना प्रेक्षक आपल्या मनात उभी करतो, ती केवळ पात्रांच्या डाव्या-उजव्या जागांवरून आणि नजरांच्या दिशांवरून. नाट्यगृहात प्रेक्षक रंगमंचाच्या एकाच बाजूला बसलेला असतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. चित्रपटात मात्र प्रत्येक कटबरोबर आपण प्रेक्षकाला उचलून दुसऱ्या खुर्चीवर बसवतो. ती नवी खुर्ची पात्रांच्या त्याच बाजूला असेल तर तो बदल त्याला जाणवतही नाही. पलीकडच्या बाजूला असेल तर डावे उजवे होते आणि उजवे डावे.

म्हणून बोलणाऱ्या दोन पात्रांना जोडणारी एक सरळ रेषा जमिनीवर आहे असे समजायचे आणि कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूच्या अर्धवर्तुळात, म्हणजे 180 अंशांत, फिरवायचा. सेटवर या रेषेला ‘लाइन’ किंवा ‘अ‍ॅक्सिस’ म्हणतात. अर्धवर्तुळात कॅमेरा कितीही जवळ न्या, दूर न्या, वर चढवा किंवा जमिनीला टेकवा, डावे पात्र डावेच राहते. नियम एवढाच आहे. अवघड आहे ते प्रत्यक्ष चित्रीकरणात, जिथे एका पात्राच्या बाजूचे सगळे शॉट सकाळी आणि दुसऱ्याचे दुपारी होतात, तिसरे पात्र मध्येच येऊन बसते आणि घरातून निघालेले पात्र रस्त्यावर कोणत्या बाजूने यायला हवे, हे कुणी लिहून ठेवलेले नसते. पुढे एकच प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेऊन हे सगळे क्रमाने पाहू.

आधी जमिनीचा नकाशा

प्रसंग असा आहे. घर विकायचे की नाही यावरून ताई आणि दादा जेवणाच्या टेबलाशी बसून बोलत आहेत. टेबलाच्या पश्चिम टोकाला ताई आणि पूर्व टोकाला दादा. उत्तरेच्या भिंतीत खिडकी आहे आणि घराचे दार पूर्वेच्या भिंतीत, म्हणजे दादाच्या पाठीमागे आहे. थोड्या वेळाने अण्णा आतल्या खोलीतून येऊन खिडकीकडे पाठ करून बसतात. बोलणे वाढते, ताई उठून दाराशी जाते, तिथून शेवटचे दोन शब्द बोलते, बाहेर पडते आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन बस पकडते.

कागदावर खोलीचा वरून दिसणारा आराखडा काढावा. चित्रकला चांगली असण्याची गरज नाही. टेबल, खुर्च्या, दार आणि खिडकी ओळखू आली की पुरे. ताईपासून दादापर्यंत एक ठळक रेषा ओढावी आणि मग ठरवावे, की कॅमेरा दक्षिणेला ठेवायचा की उत्तरेला. हा निर्णय सवयीने घेऊ नये. या प्रसंगात दक्षिण बाजू योग्य आहे, कारण तिथून पाहताना खिडकी पार्श्वभूमीला येते, अण्णा बसले की त्यांचा चेहरा थेट दिसतो आणि दारही चौकटीच्या उजव्या बाजूला मिळते. कॅमेरा दक्षिणेकडून उत्तरेला पाहू लागला, की ताई चौकटीच्या डावीकडे असून उजवीकडे पाहते आणि दादा उजवीकडे असून डावीकडे पाहतो. रेषेच्या उत्तरेचा अर्धा भाग पेन्सिलीने गडद करून टाकावा; तिथे कॅमेरा जाणार नाही.

त्यानंतर शॉट डिव्हिजनच्या, म्हणजे प्रसंगातले सगळे शॉट क्रमाने लिहिलेल्या तक्त्यात एक जास्तीचा रकाना आखावा आणि प्रत्येक शॉटपुढे पात्राचे आद्याक्षर व बाण लिहावा: ‘ता →’, ‘दा ←’. बाण पात्राची नजर किंवा चालणे पडद्याच्या कोणत्या कडेकडे आहे, हे दाखवतो. पहिल्या वाचनात हे बालिश वाटेल, परंतु सेटवरच्या गोंधळात कुणाला आराखडा उलगडून अंश मोजायला वेळ नसतो. बाण मात्र एका नजरेत वाचता येतो. सूचना देतानाही ‘डावीकडे बघ’ असे म्हणू नये, कारण नटाचे डावे आणि कॅमेऱ्याचे डावे बहुधा उलटे असते. ‘कॅमेरा लेफ्ट’, ‘कॅमेरा राइट’ असेच बोलावे, म्हणजे सगळ्यांचा अर्थ एकच होतो.

खांद्यांवरून घेतलेले शॉट

मास्टर, म्हणजे सगळा प्रसंग एका चौकटीत दाखवणारा शॉट घेऊन झाला, की बहुतेक जण एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा घेतात. आपल्याकडच्या सेटवर याला ‘ओएस’ किंवा ‘सजेशन’ असेही म्हणतात. इथे आराखडा न पाहताही लागू पडणारी एक खूण आहे. कॅमेरा रेषेच्या एकाच बाजूला असेल, तर एका पात्राच्या डाव्या खांद्यावरून आणि दुसऱ्याच्या उजव्या खांद्यावरून शॉट मिळतो. आपल्या प्रसंगात दादा पश्चिमेकडे तोंड करून बसला आहे, तेव्हा दक्षिण त्याच्या डाव्या हाताला येते; ताई पूर्वेकडे पाहते आहे, तेव्हा दक्षिण तिच्या उजव्या हाताला येते. म्हणून दादाच्या डाव्या खांद्यामागून ताई आणि ताईच्या उजव्या खांद्यामागून दादा. दोन्ही शॉट डाव्याच खांद्यांवरून घेतले गेले असतील तर रेषा ओलांडली गेली आहे, याबद्दल शंका ठेवू नये.

दोन्ही चौकटी शेजारी ठेवून पाहिल्या तर पाठमोरा दादा उजव्या कडेला आणि ताई डावीकडे, मग पाठमोरी ताई डाव्या कडेला आणि दादा उजवीकडे, असे दिसायला हवे. कोण जवळ आणि कोण दूर हे बदलले. कोण डावीकडे आणि कोण उजवीकडे हे बदलले नाही.

क्लोजअपमध्ये नजर कुठे

खांदा चौकटीत असतो तोवर चूक लगेच लक्षात येते, कारण दोन्ही पात्रे समोर दिसत असतात. क्लोजअपमध्ये एकच चेहरा उरतो आणि सर्वाधिक चुका इथे होतात. त्याचे कारण भूमितीत आहे. चेहरा भावपूर्ण आणि जवळचा दिसावा म्हणून आपण कॅमेरा रेषेच्या अगदी लगत आणतो, त्यामुळे नटाची नजर भिंगाच्या अगदी जवळून जाते. समोरचे पात्र हातभर सरकून भिंगाच्या दुसऱ्या बाजूला बसले, तरी नजर उलटते. कॅमेरा जागचा हललेला नसतो, तरीही परिणाम रेषा ओलांडल्याचाच होतो.

दादाचा क्लोजअप घेण्याची वेळ घ्या. दादाने कॅमेरा लेफ्टला पाहायचे आहे, तेव्हा चौकटीबाहेर बसून संवाद देणारी ताई भिंगाच्या डाव्या बाजूला, शक्य तितकी भिंगाला लागून आणि तिच्या खुर्चीच्याच उंचीवर बसली पाहिजे. प्रत्यक्षात त्या जागी लाइटचा स्टँड उभा असतो, कुणीतरी खुर्ची उजवीकडे मांडतो, ताई तिथे बसते, दादा स्वाभाविकपणे तिच्याकडे पाहतो आणि शॉट उत्तम होऊनही वाया जातो. ताईचे काम आटोपून ती नटी घरी गेली असेल आणि तिच्या ओळी सहायक वाचत असेल, तर हा धोका आणखी वाढतो, कारण सहायक जिथे जागा मिळेल तिथे उभा राहतो. उभा राहिला की नजर वरही जाते. बसलेल्या ताईशी बोलणारा दादा छताकडे बोलल्यासारखा दिसतो. कुणीच बसू शकत नसेल तर स्टँडवर ताईच्या डोळ्यांच्या उंचीला रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावावा आणि दादाला त्याकडे पाहायला सांगावे.

तपासणी अशी करावी. मॉनिटरवर नटाच्या नाकाचे टोक चौकटीच्या कोणत्या कडेकडे आहे ते पाहावे आणि तक्त्यातल्या बाणाशी ताडावे. शिवाय ताईच्या क्लोजअपचा एक फोटो मोबाइलवर काढून ठेवावा आणि दुपारी दादाचा क्लोजअप लावताना तो मॉनिटरशेजारी धरावा. दोन्ही नाके एकमेकांकडे असतील तर पुढे जावे. एकाच कडेकडे असतील तर अ‍ॅक्शन म्हणण्याआधीच खुर्ची हलवावी. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती कुणा एकाच्या नावावर ठरवून द्यावी, अन्यथा प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने पाहिले असेल.

लहान घरात आणखी एक अडचण येते. दादाच्या क्लोजअपसाठी कॅमेरा पश्चिमेच्या भिंतीला टेकतो आणि हवे तितके अंतर मिळत नाही, किंवा त्याच्या मागे नेमका फ्रिज दिसतो. अशा वेळी दादाला खुर्चीसकट थोडे फिरवून किंवा पुढे सरकवून घेता येते. यालाच ‘चीट करणे’ म्हणतात. यात काहीही गैर नाही, कारण रेषा खोलीच्या भिंतींना बांधलेली नसून पात्रांच्या नजरांना बांधलेली असते. दादा फिरला तर भिंगाच्या डाव्या बाजूची ताईची जागाही त्याच्याबरोबर फिरवावी, एवढेच पथ्य. मागे खिडकी किंवा दार दिसत असेल तर मात्र फिरवण्याला मर्यादा पडते, कारण ते दादाच्या मागून अचानक नाहीसे झालेले प्रेक्षक ओळखतो.

अण्णा येऊन बसतात

दोन पात्रांना एक रेषा असते, तीन पात्रांना तीन. ताई आणि दादा यांच्यातली रेषा होतीच. आता ताई–अण्णा आणि दादा–अण्णा अशा दोन नव्या रेषा तयार झाल्या. नवखा दिग्दर्शक इथे घाबरतो. पण आराखड्यावर तिन्ही रेषा ओढून पाहिल्या तर लक्षात येते, की कॅमेरा दक्षिणेलाच राहिला तर तो तिन्ही रेषांच्या योग्य बाजूला असतो. अण्णा ताईशी बोलताना डावीकडे पाहतात आणि दादाशी बोलताना उजवीकडे. ताई दोघांशी बोलताना उजवीकडेच पाहते, दादा दोघांशी बोलताना डावीकडेच. अण्णांना टेबलाच्या दूरच्या बाजूला बसवण्याचा फायदा हाच आहे. ते अलीकडच्या, दक्षिणेच्या बाजूला बसले असते तर पाठमोरे राहिले असते आणि त्यांचा चेहरा घेण्यासाठी कॅमेरा पलीकडे न्यावा लागला असता.

यातला सापळा खांद्यावरच्या शॉटमध्ये आहे. ताईच्या उजव्या खांद्यावरून अण्णांचा शॉट लावला, की उजव्या कडेला दादाचा अर्धा चेहरा डोकावतो. तो नको म्हणून कॅमेरामन ताईच्या डाव्या खांद्यामागे सरकतो आणि चौकट स्वच्छ दिसते, पण तेवढ्या हालचालीत ताई–अण्णा ही रेषा ओलांडली जाते. आता पाठमोरी ताई चौकटीच्या उजवीकडे आली आणि डावीकडे पाहू लागली. याऐवजी चौकट घट्ट करून दादाला बाहेर ठेवावे, किंवा त्याला कडेला राहू द्यावे. माझ्या मते राहू देणेच बरे. अण्णा ताईला समजावत असताना कडेला गप्प बसलेला दादा या प्रसंगाला काही देऊन जातो.

ताई उठून दाराशी जाते

‘डावे पात्र डावेच राहिले पाहिजे’ असे पाठ केलेल्यांची इथे फसगत होते. ताई उठते, टेबलाच्या अलीकडून चालत दादाच्या मागे दाराशी जाते आणि वळून बोलते. आता ती चौकटीच्या उजवीकडे आहे आणि डावीकडे पाहते. दादा खुर्चीतच वळला आहे, तो चौकटीच्या डावीकडे आहे आणि उजवीकडे पाहतो. दोघांच्या बाजू पूर्ण बदलल्या, तरी चूक काहीच झाली नाही, कारण ती चालत गेलेली प्रेक्षकाने पाहिली. बाजू शॉटच्या आत, डोळ्यांसमोर बदलली तर चालते. कटमध्ये, न दाखवता बदलली तर चालत नाही.

त्यामुळे ताईचे चालणे दाखवणारा शॉट संकलनात गाळता येणार नाही, हे चित्रीकरणाच्या वेळीच ओळखून तो दोनदा नीट घ्यावा. त्यासोबत अण्णांचा एक जास्तीचा क्लोजअप घ्यावा, ज्यात त्यांची नजर ताईबरोबर डावीकडून उजवीकडे सावकाश फिरते. हा छोटा शॉट पुढे फार उपयोगी पडतो: चालण्याचा शॉट फसला, कॅमेरा हलला किंवा ताई ओळ विसरली, तरी अण्णांच्या नजरेवरून प्रेक्षकाला ती दाराकडे गेल्याचे कळते आणि पुढचा कट सुरळीत बसतो. तक्त्यात या टप्प्यावर आडवी रेघ मारून खाली नवे बाण लिहावेत: ‘ता ←’, ‘दा →’. तसे न केल्यास दुपारच्या सत्रात कुणीतरी जुनेच बाण पाहून दादाचा क्लोजअप लावतो.

दारापासून बसपर्यंत

चालणाऱ्या माणसाची रेषा म्हणजे त्याची वाट. ताई दारातून बाहेर पडताना चौकटीच्या उजव्या कडेने जाते, म्हणून बाहेरच्या पहिल्या शॉटमध्ये तिने डावीकडून प्रवेश करून उजवीकडेच जात राहिले पाहिजे. उजवीकडून बाहेर, डावीकडून आत. अंगणात तुळशीवृंदावन पलीकडच्या बाजूने छान दिसते म्हणून कॅमेरा तिकडे नेला, तर तीच ताई त्याच वाटेने चालताना पडद्यावर उजवीकडून डावीकडे जाईल आणि प्रेक्षक समजेल की ती परत घरात निघाली. बाहेरचे चित्रण वेगळ्या दिवशी, पुष्कळदा वेगळ्याच घराच्या दाराशी होते, त्यामुळे तिथे आराखड्यातले उत्तर-दक्षिण कामाचे नाही. तक्त्यातला ‘ता →’ हा बाण तेवढा कामाचा.

खरी परीक्षा थांब्यावर होते. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून बसचे प्रवाशांचे दार बसच्या डाव्या अंगाला असते आणि थांबाही त्याच बाजूला असतो. थांब्याच्या बाजूला कॅमेरा लावून ताई बसमध्ये चढताना दाखवायची, हा विचार सर्वांना सर्वप्रथम सुचतो. परंतु तिथून बसचे डावे अंग दिसते आणि डावे अंग दिसणारी बस पडद्यावर नेहमी डावीकडे जाते. म्हणजे घरापासून उजवीकडे चाललेली ताई बसमध्ये बसताच उलट्या दिशेला निघाली. बस काही आपल्यासाठी फिरवता येत नाही, भाड्याने घेतलेली असली तरी तिचे दार दुसऱ्या बाजूला जात नाही. म्हणून प्रवास असलेल्या कथेत दिशा शेवटापासून मागे येत ठरवावी: जी वस्तू फिरवता येत नाही ती आधी पाहावी आणि तिच्याप्रमाणे घरातली बाजू निवडावी. सगळा प्रवास डावीकडे ठेवायचा, तर टेबलाच्या उत्तरेला कॅमेरा लावून सुरुवात करता आली असती. तेव्हा दार चौकटीच्या डावीकडे आले असते. मग खिडकी मात्र कॅमेऱ्याच्या पाठीमागे गेली असती आणि अण्णांना जागा बदलावी लागली असती.

या प्रसंगात घरातली दक्षिण बाजूच ठेवून थांब्यावर दुसरा उपाय करता येतो आणि मला तो अधिक पसंत आहे. कॅमेरा रस्त्याच्या पलीकडे, थांब्याच्या समोर लावावा. ताई डावीकडून चालत येते आणि पलीकडच्या कडेला उभी राहते. बस डावीकडून चौकटीत येते, थांबते आणि तिला झाकते. बसचे उजवे, चालकाकडचे अंग आपल्यासमोर आहे. काही क्षणांनी बस उजवीकडे निघून जाते आणि थांबा रिकामा दिसतो. चढण्याची कृती दिसलीच नाही, तरी ती गेली हे कळते, दिशा शाबूत राहते आणि सबंध शॉट एका तिपाईवर मिळतो. मधल्या लेनमधली वाहने उलट्या दिशेने कॅमेऱ्यासमोरून जातील. ती दोन-तीन असतील तर हरकत नाही, पण सतत वर्दळ असेल तर शॉट वाचता येत नाही आणि सकाळी लवकरची वेळ धरावी लागते. थांब्याऐवजी मोठे बसस्थानक घेणार असाल तर आधी जाऊन पाहावे, कारण अनेक स्थानकांत गाडी फलाटाला नाक लावून उभी असते आणि निघताना आधी मागे जाते. ती मागे जाणारी हालचाल पुन्हा दिशेचा घोळ करते.

बसच्या आत ताईला डाव्या खिडकीशी बसवावे आणि कॅमेरा मधल्या मार्गिकेत, तिच्या उजव्या हाताला ठेवावा. तिथून तिचे तोंड उजवीकडे दिसते आणि खिडकीबाहेरची झाडे डावीकडे सरकतात, म्हणजे प्रवास अजूनही त्याच दिशेने चालू आहे. तिला उजव्या खिडकीशी बसवून मार्गिकेतूनच चित्रण केले तर हे सगळे उलटते. मोटारीतला संवाद करणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी: आपल्या गाडीत चालक उजवीकडे बसतो, म्हणून समोरच्या काचेतून तो चौकटीच्या डावीकडे दिसतो आणि मागच्या आसनावरून उजवीकडे. चालक व शेजारचा प्रवासी यांच्यातली रेषा आडवी असते आणि पुढची व मागची जागा तिच्या दोन वेगळ्या बाजूंना पडतात, त्यामुळे या दोन शॉटमध्ये थेट कट टाळावा.

ताई बसमधून दादाला फोन करत असेल, तर ती उजवीकडे पाहत बोलते आणि घरातला दादा डावीकडे पाहत. दोघे एका खोलीत नसले तरी संभाषण समोरासमोरचे वाटते. ती परत येते तेव्हा मात्र सगळा प्रवास उजवीकडून डावीकडे ठेवावा. मग परतीचे एक-दोन शॉटही पुरतात आणि ‘परत आली’ असे शब्दांत सांगावे लागत नाही.

बाजू मुद्दाम बदलायची असल्यास

रेषेच्या पलीकडे जाण्याच्या मान्य वाटा आहेत. एक, कॅमेरा ट्रॉलीवर किंवा हातात घेऊन शॉट चालू असतानाच पलीकडे जाणे. दुसरी, पात्रांची हालचाल करून रेषाच बदलणे, जसे ताई दाराऐवजी खिडकीशी गेली असती तर झाले असते. तिसरी, कॅमेरा थेट रेषेवर ठेवून पात्र समोरून किंवा पाठमोरे घेणे. या शॉटला डावी-उजवी दिशा नसते, म्हणून त्यानंतर कोणत्याही बाजूला जाता येते. दारातून सरळ कॅमेऱ्याकडे चालत येणारी ताई याच कामी येते. आपल्या प्रसंगात बाजू बदलण्यासारखा क्षण एकच आहे: ताई सही करायला ठाम नकार देते तो. तिथे कॅमेरा तिच्या मागून सावकाश पलीकडे गेला तर घरातले पारडे फिरल्याचे जाणवेल. इतरत्र बदल करण्याला मला कारण दिसत नाही. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांनी आयुष्यभर ही रेषा सर्रास ओलांडली, हे खरे आहे. परंतु त्यांच्या चौकटींची उंची, मांडणी आणि चेहऱ्यांचे आकार इतके काटेकोर जुळवलेले असत, की प्रेक्षकाला आधार तिथून मिळे. एखाद्याच ठिकाणी रेषा ओलांडून तसा परिणाम साधत नाही.

संकलनाच्या टेबलावर चूक सापडली तर

दादाचा एकच क्लोजअप उलट्या नजरेचा निघाला आणि पुन्हा चित्रण शक्य नसेल, तर आधी त्याच्यापूर्वी एखादा दिशाहीन शॉट घालून पाहावा: टेबलावरचे कागदपत्र, ताईची कागदावर थांबलेली बोटे, समोरून घेतलेले अण्णा. दोन सेकंदांच्या अशा शॉटने मागची दिशा थोडी पुसट होते. नुकसान कमी होते, नाहीसे होत नाही. नंतर लगेच ताई आणि दादा यांच्यात आलटून पालटून कट असतील तर घोळ परत वर येतो. म्हणून कागदपत्रांचे, चहाच्या कपांचे आणि हातांचे पाच-सहा शॉट सेटवर असतानाच घेऊन ठेवावेत.

दुसरा उपाय म्हणजे शॉट आरशातल्यासारखा उलटवणे. संकलनाच्या एका प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी `Horizontal Flip` नावाचा इफेक्ट असतो. तो क्लिपवर टाकला की डावे-उजवे बदलते आणि दादा योग्य दिशेला पाहू लागतो. पण त्याआधी चौकटीचा कोपरा न् कोपरा तपासावा. मागे दिनदर्शिका किंवा फ्रिजवरची अक्षरे असतील तर ती उलटी होतात. शर्टाचा खिसा डावीकडून उजवीकडे जातो, भांग पालटतो, मनगटावरचे घड्याळ दुसऱ्या हातात दिसते. ताईचा शॉट उलटवला तर पदर उजव्या खांद्यावर येतो आणि हे मराठी प्रेक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. खिडकीतून येणारा प्रकाशही दुसऱ्या गालावर जातो. चौकट जितकी घट्ट, तितक्या या खुणा कमी. त्यामुळे उलटवण्यापूर्वी शॉट थोडा मोठा करून खिसा आणि दिनदर्शिका चौकटीबाहेर काढता येतात का, ते पाहावे. मूळ चित्रण `4K` आणि अंतिम चित्र `1080p` असेल तर दुपटीपर्यंत मोठा करूनही स्पष्टता टिकते, आणि दादाचा चेहरा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, एवढाच चौकटीत ठेवला तर उलटवलेला शॉट बहुधा खपून जातो.